खुर्चीच्या हातावरची बोटं

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्यानं मला विचारलं होतं, "ताई, यात ठेवायचं काही आहे का? नाहीतर सगळं उडवून नवीन टाकतो." मी गिऱ्हाइकांच्या आधार कार्डांचा, सातबाऱ्यांचा, परीक्षेच्या फॉर्मांचा विचार केला. रोज येतात, छापून जातात. मी म्हटलं, "काही नाही, उडवा." पंधरा वर्षं जालन्यात मस्तगडला झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या बाईनं हे उत्तर द्यावं, यावर आजही माझा विश्वास बसत नाही.

आत्याचा फोटो त्यातच होता. मला ते चार दिवसांनी आठवलं. एक म्हातारे गृहस्थ लग्नातला जुना फोटो मोठा करून घ्यायला आले, त्यांनी फ्रेमची काच काढून खाली ठेवली, आणि मी लॅपटॉपमध्ये आत्याचा फोटो शोधायला लागले. तोवर त्याच लॅपटॉपवर दुकानाचं काम पुन्हा सुरू झालं होतं. गेलेल्या फायली परत काढून देणारा एक जण औरंगपुऱ्यात भेटला. त्यानं बऱ्याच फायली काढल्याही, पण आत्याचा फोटो त्यात नव्हता. "वरून नवीन लिहिलं गेलंय," तो म्हणाला. "लगेच बंद करून आणला असता तर बघता आलं असतं."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय ऐंशीच्या आसपास, टेंभुर्णीला लेका-सुनेजवळ राहते. आत्या आणि माझे वडील एका बापाची लेकरं, पण आई वेगळ्या. आत्या रांगत होती तेव्हा तिची आई गेली. आजोबांनी लगेच दुसरं लग्न केलं. त्या दुसऱ्या बायकोचा पहिला मुलगा म्हणजे माझे वडील. तिनंच आत्यालाही वाढवलं. घरात पहिलीला थोरली आई म्हणत, दुसरीला धाकटी आई. थोरल्या आईची एकच खूण उरली होती, तो फोटो. आत्या दर अमावस्येला तो पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू लावायची, म्हणून काचेवर एका जागी लाल-पिवळा थर बसला होता.

ती फोटो घेऊन आली तेव्हा त्याला वाळवी लागलेली होती. पाठीचा पुठ्ठा भुसा झाला होता. तिला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, मोठा करून भिंतीवर लावायचा. दुसरी, तो कोणत्या साली काढला ते कळावं. "म्हंजी मला कळंल का मी किती महिन्याची व्हते," ती म्हणाली. "मायच्या मांडीवर म्या किती दिस बसले, ते तरी कळंल."

मी फोटो फ्रेममधून काढला. ओल लागून तो काचेला चिकटला होता. हळूहळू सोडवला, तरी मांडीवरच्या लेकराच्या चेहऱ्याचा पापुद्रा काचेवरच राहिला. आत्या पाहत होती. तिनं फक्त जीभ चावली. मी पुढची बाजू स्कॅन केली. मागची बाजू केली नाही, कारण दुकानात माणसं थांबली होती आणि मागचं छापील आणि शिक्का नजरेखालून गेला तरी ते जपण्यासारखं आहे असं मला वाटलंच नाही.

मग मी ते वाक्य बोलले. "आत्या, आता हा कॉम्प्युटरमध्ये आला. वाळवी लागलेला घरात ठेवू नकोस, दुसऱ्या वस्तूंना लागंल." तिच्या सुनेचंही तेच म्हणणं होतं, फुटका-फाटका फोटो घरात नको. आठवड्याभरानं आत्यानं नारळासोबत तो नदीत सोडला. तसं तिनं मला फोनवर सांगितलं, अगदी निवांत, काम उरकल्यासारखं.

म्हणजे मूळ फोटो पाण्यात गेला होता माझ्या शब्दावर, आणि स्कॅन उडाला होता माझ्याच शब्दावर.

फोटोचं साल सांगणाऱ्या बाईंचा पत्ता मला स्कॅन हरवण्याआधीच मिळाला होता. त्या पुण्यातल्या एका संग्रहालयात जुन्या फोटोंची देखभाल करत, आता निवृत्त आहेत, आणि कुणी विचारलं तर मेलवर सल्ला देतात. त्यांनी कळवलं होतं, पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजूंचा स्कॅन पाठवा. मी आज पाठवते, उद्या पाठवते करत राहिले होते. आता मी त्यांना खरं लिहिलं. फोटो नाही, स्कॅन नाही, फक्त मला आठवतंय ते आहे.

त्यांचं उत्तर आलं, त्यात रागाचा शब्द नव्हता, आणि त्यामुळं मला जास्तच लाज वाटली. "मग शब्दांत लिहा," त्यांनी लिहिलं होतं. "पण तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं, घरातल्यांना आठवणारं, आणि घरात सांगत आलेलं. माणसं कोण आहेत ते आधी लिहू नका. कपडे, जागा, कागद आणि खराबी, एवढंच लिहा. जे आठवत नाही तिथं आठवत नाही असं लिहा. आणि घरच्यांना विचाराल तेव्हा उत्तर सुचवू नका. 'बांगड्या होत्या ना' असं नको, 'हातात काय होतं' असं विचारा. जुन्या माणसांना आपण जे सुचवतो ते पुढं त्यांना खरंच आठवायला लागतं."

मी लिहायला बसले. दुकानाचं शटर अर्धं ओढून, दुपारी.

पुरुष खुर्चीवर बसलेला. धोतर, गळ्यापर्यंत बटणं लावलेला गडद कोट, कोट खांद्यात ढिला. डोक्यावर पांढरी टोपी, टोकदार. पायाकडचा भाग वाळवीनं खाल्लेला, त्यामुळे जोडे दिसत नाहीत. त्याच्या उजव्या हाताला, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे, कागदच गेलेला. दुसऱ्या बाजूला बाई, स्टुलावर बसलेली. नऊवारी लुगडं, काठ रुंद, पदर डोक्यावरून. चोळी कोपरापर्यंत. कपाळावर मोठं कुंकू. मांडीवर लेकरू, कुंचीतलं, कुंचीला चमकणारी किनार. लेकराचा चेहरा नाही. तो माझ्या हातून गेला. हे वाक्य मी लिहिलं, खोडलं आणि परत लिहिलं.

मागं कापडी पडदा, त्यावर खांब आणि जिना रंगवलेला. पडदा खाली पुरत नव्हता, त्याखाली माती दिसत होती. खुर्चीची सावली मातीवर एका बाजूला पडलेली. फोटोच्या कडांना आरशासारखी निळसर चांदीची झाक, तिरकं धरलं की दिसायची. तपकिरी ठिपके. मधून एक आडवी घडी. मागच्या बाजूला इंग्रजीत पोस्टकार्ड छापलेलं आणि पत्ता लिहायच्या रेघा. एका कोपऱ्यात जांभळा शिक्का, त्यातलं जालना हे नाव वाचता आलं होतं. त्याखालची ओळ वाळवीनं नेली होती.

लिहिता लिहिता मी खुर्चीपाशी आले. खुर्ची लोखंडी होती, हातांची. स्कॅन झाल्यावर मी तो पडद्यावर मोठा करून पाहिला होता, खराबी कुठंपर्यंत आहे ते कळावं म्हणून. डावीकडच्या खाल्लेल्या कडेला, खुर्चीच्या हातावर मला काहीतरी दिसलं होतं. चार लहान, गोल, फिकट ठिपके. वाळवीच्या कडेला अगदी लागून. तेव्हा मी म्हटलं, बुरशी असेल. आता शब्दांत लिहायची वेळ आली तेव्हा मला ती बुरशी वाटेना. ती बोटं वाटायला लागली, खुर्चीचा हात धरून उभ्या असलेल्या पोराची.

मी पेन खाली ठेवलं.

आत्याच्या आईला आत्या हे पहिलंच लेकरू होतं. मग खुर्चीजवळ उभं राहण्याएवढं दुसरं पोर त्या फोटोत असणार कसं? शेजारपाजारचं असू शकतं, कुणी भाचा-पुतण्या असू शकतो. पण सगळ्यात सरळ उत्तर एकच होतं. उभं पोर म्हणजे चार-पाच वर्षांची आत्या. मांडीवरचं लेकरू म्हणजे माझे वडील. आणि ती बाई थोरली आई नव्हती. ती माझी सख्खी आजी होती.

आत्यानं आयुष्यभर जिला आई म्हणून हळदकुंकू लावलं, ती माझी आजी असेल तर फोटो माझ्या घराचा झाला, आणि आत्याच्या आईचा एकही फोटो उरला नाही. फोटो हरवलेली मी, आणि आता तो मलाच मिळत होता.

ठिपक्यांचं लिहावं की नाही यावर मी बरेच दिवस घोळ घातला. शेवटी लिहिलं, 'नक्की नाही' असं पुढं टाकून. पाठवण्याआधी मात्र मला खात्री करायची होती, आणि इथं मी बाईंचं ऐकलं नाही. आत्याला फोन लावला. स्कॅन गेल्याचं अजून तिला सांगितलं नव्हतं. सहज विचारल्यासारखं म्हटलं, "आत्या, त्या फोटोत खुर्चीच्या हातावर कुणाचा हात होता का गं? लहान लेकराचा?"

"न्हाई बा," आत्या म्हणाली. "तिथं तर वाळवी लागल्ती. का गं, काय झालं? साल कळलं का?"

"विचारून राह्यले," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पुण्याहून उत्तर आलं ते मी तीनदा वाचलं. त्या बाईंनी प्रत्येक गोष्ट वेगळी काढून लिहिली होती. पडद्याखाली माती आणि एका बाजूची सावली म्हणजे फोटो उन्हात, उघड्यावर काढलेला, बहुधा बाजाराच्या किंवा जत्रेच्या दिवशी फिरत आलेल्या फोटोवाल्यानं. असा पडदा तो वर्षानुवर्षं वापरतो, त्यामुळे पडद्यावरून साल ठरत नाही. पोस्टकार्डाच्या कागदावर फोटो काढायची रीत आपल्याकडं कितीतरी वर्षं चालू होती. चांदीची झाक त्या प्रकारच्या काळ्या-पांढऱ्या फोटोंना ओलीनं येते, ती फोटो कसा ठेवला ते सांगते, कधी काढला ते नाही. ठिपके, घडी, वाळवी यांचंही तेच. कोट ढिला असेल तर तो लग्नातला किंवा मागून आणलेला असू शकतो, म्हणजे फोटोपेक्षा जुना. कपड्यावरून फार तर फोटो तो पेहराव यायच्या आधीचा नाही एवढं म्हणता येतं, तो पेहराव मागं पडल्यानंतरचा नाही असं म्हणता येत नाही, कारण गावाकडं माणसं एकच पेहराव जन्मभर घालतात. पांढरी टोकदार टोपी तेव्हा स्वातंत्र्यचळवळीची खूण होती, निजामाच्या राज्यात शेतकरी माणूस ती फोटोसाठी सहसा घालणार नाही, म्हणून फोटो पोलीस अ‍ॅक्शननंतरचा, म्हणजे १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेल्यावरचा, असण्याची शक्यता जास्त. पण तीही शक्यताच.

"शिक्क्यातली खालची ओळ असती," त्यांनी लिहिलं होतं, "तर कदाचित राज्याचं नाव किंवा फोटोवाल्याचा पत्ता मिळाला असता. तो किती वर्षं त्या पत्त्यावर होता हे शोधता आलं असतं. ती नाही. वर्णनाच्या खाली तुम्ही घरची हकीकत वेगळी लिहिलीत, तिच्यावर माझं उत्तर असं: आत्याबाईंचं जन्मसालच अंदाजाचं आहे, आणि त्यांचा जन्म व तुमच्या वडिलांचा जन्म यात चार-पाच वर्षांचंच अंतर आहे. एवढं अंतर वर्णनावरून कुणालाही सांगता येणार नाही. स्कॅन असता तरी कपड्यांवरून सांगता आलं नसतं. मात्र ठिपके हे बोटं आहेत का, हे स्कॅनवरून नक्की सांगता आलं असतं."

शेवटचं वाक्य त्यांनी टोमण्यानं लिहिलं नव्हतं. खरं होतं म्हणून लिहिलं होतं.

मी टेंभुर्णीला गेले. जाफराबादच्या एसटीत बसले तेव्हा ठरवलं होतं की दारातच सांगून टाकायचं. दारात सुनेनं पाणी दिलं, आत्यानं पाठीवरून हात फिरवला, आणि मी जेवणापर्यंत काही बोलले नाही. जेवण झाल्यावर सून कापूस वेचायला शेताकडं गेली. आत्या ओसरीवर सुपात तूर पाखडत बसली होती.

"आत्या, फोटो गेला," मी म्हटलं. "कॉम्प्युटरमधला. माझ्याच्यानं उडाला."

सूप थांबलं. "पुन्हा काढता येत न्हाई?"

"न्हाई."

"अन् असली म्या नदीत सोडला."

"मी सांगितलं म्हणून सोडलास."

ती परत पाखडायला लागली, दोन-चार झटके, मग सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं आता ती रडेल किंवा मला बोलेल. तिनं विचारलं, "तुझ्या त्या बाईला काय सांगितलंस मंग? फोटो न्हाई तर?"

"आठवलं ते लिहून पाठवलं."

"वाच."

कागद माझ्या पर्समध्ये होता. मी वाचायला लागले. कोट, टोपी, लुगड्याचा काठ. ती डोळे मिटून ऐकत होती. काठाचा रंग मी लिहिला नव्हता, फोटो काळा-पांढरा. ती म्हणाली, "हिरवा व्हता, असं सांगत." मी म्हटलं, "ते सांगत आलेलं आहे आत्या, वेगळं लिहू." ती हो म्हणाली. मी पडद्यापर्यंत आले, मातीपर्यंत, सावलीपर्यंत. खुर्चीचं वाक्य खालच्या ओळीत होतं. मी ते गाळून कडांच्या चांदीवर उडी मारणार होते. डोळ्यांनी ओळ ओलांडलीही होती.

"खुर्ची तापल्ती," आत्या म्हणाली.

मी मान वर केली.

"त्या दिवशी तू फोनवर इचारलं का न्हाई, हाताचं. तवापसून डोक्यात घोळून राह्यलं. लोखंडी खुर्ची, उन्हात तापल्ती. मला म्हणले हात काढू नको, हालू नको. बोटं भाजत व्हते. फोटोवाल्याच्या तोंडावर काळं फडकं व्हतं, मला भ्या वाटत व्हतं."

"हे तुला आधी कधी आठवलं होतं का?"

"न्हाई. तू इचारल्यावरच आठवलं."

मी कागदाची घडी घातली. पुण्याच्या बाईंनी मला जे करू नका म्हणून सांगितलं होतं, तेच मी केलं होतं. आता ही आठवण तिची होती की मी फोनवरून तिच्या डोक्यात घातलेली, हे मला कळायला मार्ग नव्हता. तिलाही नव्हता. लोखंडी खुर्ची मी फोनवर म्हटलं नव्हतं, पण फोटो तर तिनं हजारदा पाहिला होता. ऊन-सावली तर मी आत्ताच वाचली होती.

मी तिला ते सगळं सांगितलं. म्हटलं, "मी तुला असं विचारायला नको होतं. आपण विचारलं की माणसाला तसंच आठवायला लागतं, असं त्या बाई सांगतात. हे खरं असंल असं धरू नको."

"अन् खोटं असंल असं धरू?" आत्या म्हणाली.

मी घडी केलेला कागद मांडीवर ठेवला.

तिला हिशेब समजायला वेळ लागला नाही. ती शिकलेली नाही, पण घरातल्या जन्म-मरणांचा क्रम तिच्याइतका कुणाला ठाऊक नाही. "म्या खुर्चीला धरून उभी, तर मांडीवर त्यो," ती म्हणाली. 'त्यो' म्हणजे माझे वडील. "अन् मंग ती धाकटी आई."

"असू शकतं. नसूही शकतं. बाई म्हणतात दोन्ही होऊ शकतं."

"मंग माझ्या मायचा फोटोच न्हाई."

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. मी तिचा हात धरायला गेले, तर तिनं तो सुपाकडं नेला आणि तुरीतले खडे वेचायला लागली. मला माफ कर म्हणावंसं वाटत होतं, पण कशासाठी म्हणू ते ठरत नव्हतं. स्कॅन उडवला त्यासाठी, की उडवूनही गप्प बसले नाही त्यासाठी? मी ते ठिपके लिहिलेच नसते, तर ती मरेपर्यंत आईच्या मांडीवर बसून राहिली असती.

"धाकटी आई मला मारायची न्हाई," थोड्या वेळानं ती म्हणाली. "तुझ्या बापाला मारायची. मला कधी न्हाई. लोकं काय म्हणतील म्हणून भ्यायची."

मी हसले नाही. तीही हसली नाही.

निघताना मी तिला विचारलं, मोठा फोटो आता करता येत नाही, पण हवं असेल तर एखाद्या चित्रकाराकडून कागदावरच्या वर्णनावरून चित्र काढून घेऊ. ती म्हणाली, "चेहरा कुणाचा काढंल त्यो?" मग म्हणाली, "त्यो कागद मात्र ठिव. खुर्चीचं बी वाचून दाखव, तू गाळलं व्हतं."

तिच्या ते लक्षात आलं होतं. मी घडी उघडली आणि तिथंच, जोड्यांजवळ उभ्यानं, खुर्चीची ओळ वाचून दाखवली. 'डाव्या कडेला, खुर्चीच्या हातावर चार लहान फिकट ठिपके. नक्की नाही.' ती म्हणाली, "नक्की न्हाई, हे चांगलं लिवलं." मग मला एसटीला उशीर होतोय म्हणून पाठवून दिलं.

त्या गोष्टीला वर्ष होत आलं. आत्या आता अमावस्येला फोटोऐवजी नुसत्या पाटावर हळदकुंकू लावते, असं तिची सून सांगते. कुणासाठी लावते ते सुनेनं विचारलं नाही, मीही विचारलेलं नाही. मला फोन करते, पावसाचं बोलते, कापसाच्या भावाचं बोलते. एकदा मात्र मधेच थांबून तिनं विचारलं, "त्यो रडत व्हता का गं, मांडीवर?" मी म्हटलं, "आत्या, चेहऱ्याचा पापुद्रा निघाला होता, माझ्या हातून." ती म्हणाली, "हां, म्या बघितलं की तवा," आणि सोयाबीन काढणीचं बोलायला लागली.

दुकानात आता कुणी जुना फोटो आणला की मी दोन्ही बाजू स्कॅन करते, तीन ठिकाणी ठेवते आणि मूळ फोटो घरी जपून ठेवा म्हणून सांगते. माणसं हो हो म्हणतात. कुणी विचारतं, एवढं काय त्यात. मी काचेवर कागद नीट सरळ करते.